होय महाराजा : लग्नमांडवातील गाऱ्हाणे

'गाऱ्हाणे' हा शब्द पुण्यामुंबईच्या माणसाच्या कानी पडला, म्हणजे त्याला तक्रार आठवते. सासुरवाशीण माहेरी येऊन गाऱ्हाणे सांगते, रयत सरकारदरबारी गाऱ्हाणे नेते, शेजारी शेजाऱ्याचे गाऱ्हाणे पंचांपुढे मांडतो. संस्कृतातील 'गर्हण' म्हणजे निंदा, दोष देणे. त्या शब्दापासून हा शब्द आला असे व्युत्पत्तिकार सांगतात, आणि देशावरचा अर्थ त्याला धरूनच आहे. पण हाच माणूस तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्याच्या पेडणे महालात एखाद्या लग्नाला गेला, तर त्याला थोडे चकित व्हावे लागेल. अक्षता पडलेल्या असतात, सनई थांबलेली असते, वधूवर पाटावर उभे असतात, आणि कोणीतरी घरातल्या वृद्धाला म्हणते, "आता गाऱ्हाणे घाला." ऐन मंगलप्रसंगी ही तक्रार कसली, असे त्याच्या मनात यावे, तोच तो वृद्ध हात जोडून बोलू लागतो, आणि तो बोलतो ते सारे आशीर्वादाचे असते.

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील दोन महालांत, तसेच त्यांना लागून असलेल्या सत्तरीत आणि सावंतवाडी-मालवणकडच्या मुलखात, गाऱ्हाणे घालणे म्हणजे देवापुढे माणसाचे म्हणणे मांडणे. म्हणणे दुःखाचे असेल तसे सुखाचेही असेल. नांगर धरण्यापूर्वी, घराचा पाया घालताना, दशावताराचा खेळ उभा राहताना, जत्रेत नवस फेडताना गाऱ्हाणे घातले जाते. देवळात ते गुरव, घाडी किंवा गावचा मानकरी घालतो. घरच्या कार्यात तो अधिकार कुळातील वडीलधाऱ्याचा. लग्नातले गाऱ्हाणे या दुसऱ्या प्रकारचे. आणि आजच्या बोलण्यात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम त्याची मांडणी पाहू. पाटावर किंवा केळीच्या पानावर तांदळाची लहानशी रास घालतात. तिच्यावर न सोललेल्या शेंडीचा नारळ ठेवतात आणि शेजारी पानसुपारीचा विडा मांडतात. वधूवर जवळ उभी राहतात. वृद्ध देवाच्या दिशेला तोंड करतो. देव्हारा समोर असेल तर देव्हाऱ्याकडे, नसेल तर तुळशीकडे किंवा ग्रामदेवतेचे देऊळ ज्या बाजूला असेल त्या बाजूला. मंडळी बोलणे थांबवितात. यापलीकडे सामग्री लागत नाही. होम नाही, मंत्र नाही, पोथीही नाही. जे काही आहे ते त्या वृद्धाच्या तोंडात आणि भोवतालच्या लोकांच्या कानात आहे.

बोलण्याला मात्र ठरलेला क्रम असतो. आरंभी देवांना हाक मारावयाची, आणि ती जवळून दूर नव्हे, तर मानाप्रमाणे. आधी ग्रामदेवता, म्हणजे गाव जिच्या नावाने ओळखला जातो ती सातेरी, भूमिका, माउली, किंवा रवळनाथ, वेताळ, भूतनाथ. मग कुळाची देवता, जी पुष्कळदा गावाबाहेर, दूर एखाद्या दुसऱ्या महालात असते. मग घराच्या मूळपुरुषाची आणि होऊन गेलेल्या वाडवडिलांची आठवण. शेवटी जागेचा राखणदार, शिवेवरचा, वाटेवरचा, पाणवठ्यावरचा. यांतले एकही नाव मोघम घ्यावयाचे नसते. 'सर्व देवांनो' असे म्हणून भागत नाही. ज्याला बोलावणे आहे त्याला नावाने बोलवावयाचे. एखाद्या मानकऱ्याला आमंत्रण देण्याचे राहिले तर तो पंक्तीला येत नाही. देवांचाही रीतिरिवाज गावाने तसाच मानला आहे.

हाक झाल्यावर निवेदन. आज येथे काय घडले ते वृद्ध देवांना सांगतो. अमक्या घराण्यातला हा मुलगा, अमक्याचा नातू, अमक्याचा पुत्र. अमक्या गावची, अमक्या घरची ही मुलगी. आपले माहेर सोडून आज या कुळात आली. पंचांच्या साक्षीने, ब्राह्मणाच्या मंत्राने दोघांच्या गाठी पडल्या. हे सांगताना आवाज बहुधा एका संथ लयीत चालतो. गाणे नव्हे आणि साधे बोलणेही नव्हे. एकेक वाक्य संपताच जमलेले लोक एकमुखाने 'होय महाराजा' म्हणतात. पेडण्याच्या तोंडी ते 'व्हय म्हाराजा' असे येते.

निवेदनानंतर कबुली येते, आणि येथे शब्दाच्या जुन्या अर्थाचा धागा लागतो. आम्ही अजाण आहो, आमच्या हातून रीतीत काही राहिले असेल, कोणाचा मान चुकला असेल, पूर्वजांनी बोललेला एखादा नवस फेडावयाचा राहिला असेल, तर त्याचा दोष या लेकरांच्या डोक्यावर ठेवू नको, अशी विनवणी वृद्ध करतो. दोष आहे, पण तो दुसऱ्याला दिलेला नाही, स्वतःकडे घेतलेला आहे. देशावरच्या गाऱ्हाण्यात माणूस दुसऱ्याची चूक सांगतो. कोकणातल्या गाऱ्हाण्यात तो आपल्या घराची चूक सांगून तिच्यापासून पुढच्या पिढीला सोडवून घेतो. लग्नाच्या दिवशी ही गोष्ट विशेष अर्थाची ठरते. नव्या जोडप्याला घराची मिळकत मिळणार तशी घराची देणीही मिळणार. त्यांतली अदृश्य देणी तरी आज मिटावी, हा तिचा हेतू.

शेवटी मागणे. वाटेतली आडवळणे दूर व्हावी, कोणाची वाईट नजर लागू नये, पोटी संतती आणि घरी धान्य यावे, एकाची एकवीस व्हावी, आज आलेली मुलगी या घरची लक्ष्मी होऊन नांदावी. प्रत्येक मागण्याला पुन्हा तोच होकार. मग वृद्ध नारळ उचलून वधूवरांच्या मस्तकाला लावतो, त्यांच्या कपाळी अक्षता लावतो, आणि दोघे वाकून नमस्कार करतात. नारळ वाढवून त्याची शेरणी वाटतात. सगळे मिळून दहापंधरा मिनिटांचे काम असते. तेवढ्यात त्या घराचा, त्या गावाचा आणि कित्येकदा त्या मुलखाचा इतिहास बोलून होतो.

लग्नात आशीर्वाद आणखीही असतात, हे खरे. अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणतात, आणि ती पुरोहिताबरोबर हौसेने मामा-काकाही म्हणतात. सप्तपदीनंतर ब्राह्मण आशीर्वचन देतो. हळद दळताना आणि लावताना बायका ओव्या म्हणतात, तोही आशीर्वादच. परंतु मंगलाष्टकातले गंगा, सिंधू, सरस्वती आणि आठ दिशांचे देव कोणत्याही वधूवरांना चालतात. ते काशीला म्हणावे, कोल्हापुरास म्हणावे, अर्थ बदलत नाही. गाऱ्हाणे तसे नाही. एका घरचे गाऱ्हाणे दुसऱ्या घरी लागू पडत नाही, आणि एका वाड्यावरचे पलीकडच्या वाड्यावर चालत नाही. दुसरा भेद उत्तराचा. मंगलाष्टकाला लोक अक्षतांनी उत्तर देतात, गाऱ्हाण्याला शब्दाने. 'होय महाराजा' म्हणणारा शेजारी साक्षीदार असतो. उद्या या मुलीला कोणी विचारले, तू या घरची कोण, तर उत्तर द्यावयाला सारा मांडव उभा राहू शकतो. लिहिणे फारसे कोणाला येत नव्हते त्या काळात लग्नाची नोंद ठेवण्याचा हा एक मार्ग होता. तोंडाने सांगावयाचे आणि कानांनी सही करावयाची.

आता प्रश्न असा, की ही रीत पेडणे-डिचोलीत इतकी सळसळती राहिली, आणि चापोरा नदीच्या दक्षिण तीराला बारदेशात, मांडवीच्या मुखाशी तिसवाडीत किंवा खाली साष्टीत तिचा प्रवाह इतका आटला, याचे कारण काय? नदीचे पात्र काही फार रुंद नाही. अलीकडे आणि पलीकडे शेते तीच, माड तेच, पुष्कळशी कुळेही एकाच मुळातली. फरक आहे तो सालांचा.

तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हा मुलूख सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोर्तुगिजांकडे गेला. या महालांना पुढे जुन्या काबिजादी म्हणू लागले. तेथे देवळे पाडली गेली. 1560 मध्ये धर्मन्यायासन म्हणजे इंक्विझिशन सुरू झाले. 1567 साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली, आणि तिच्या ठरावांनी व पाठोपाठ निघालेल्या राजाज्ञांनी हिंदूंच्या उघड धर्मविधींना बंदी झाली. लग्नेही त्यातून सुटली नाहीत. ज्यांनी धर्म सोडला नाही त्यांना विधीसाठी नदीपलीकडे, दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जाण्याची पाळी आली. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या घरातले जुने लग्नविधी मात्र दीडदोनशे वर्षे लोटली तरी पुरते गेले नाहीत. आणि याचा पुरावा खुद्द इंक्विझिशननेच ठेवला आहे. 1736 च्या एप्रिलमध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लग्नात काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. वधूवरांना हळद-तेल लावू नये, ओव्या म्हणू नयेत, पानविडे व फुले रीतीप्रमाणे देऊ नयेत, अशा बाबी तीत येतात. माणसे जे करीत नाहीत त्याची मनाई कोणी करीत नाही. अर्थात 1736 पर्यंत हे सारे चालू होते.

देवांनीही या काळात नद्या ओलांडल्या. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डिचोली महालातच आहे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, आणि त्यातले लिंग लोकांनी नदीपार डिचोलीच्या बाजूला नार्वे येथे आणले. शिवाजी महाराजांनी 1668 साली तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये केवळ एक नदी आहे. पण तिच्या एका तीरावर देवाचे नाव घेणे गुन्हा होता आणि दुसऱ्या तीरावर राजा देऊळ बांधून देत होता. म्हणूनच एखाद्या घरच्या गाऱ्हाण्यात कुळदेवतेचे नाव कोणत्या स्थळाशी जोडून येते ते लक्ष देऊन ऐकावे. घर एका गावात आणि कुळदेवता दुसऱ्याच महालात, असे ऐकू आले तर एक तर देव तरी हलला आहे किंवा कूळ तरी. ज्या कुळापाशी कागदाचा कपटाही उरलेला नाही, त्याच्या स्थलांतराची खूण लग्नाच्या गाऱ्हाण्यातून मिळू शकते.

पेडणे आणि डिचोली हे महाल या सर्व काळात पोर्तुगिजांकडे नव्हते. ते आदिलशाही, मराठे आणि वाडीचे सावंत भोसले यांच्या अमलातून गेले. मधे काही वर्षे पोर्तुगिजांनी ते घेतले आणि परत गमावलेही. कायमचे ते त्यांच्या राज्यात आले अठराव्या शतकाच्या शेवटी : 1781 मध्ये डिचोली पडली, आणि 1788 मध्ये सावंतांनी पेडणे तहाने सोडून दिले. पण तोवर काळ पालटला होता. नव्या काबिजादीतील प्रजेला धर्म आणि चालीरीती पाळू देण्याचे वचन राज्यकर्त्यांनी दिले, कारण त्यावाचून हा डोंगराळ, लढवय्या मुलूख हाती राहण्यासारखा नव्हता. इंक्विझिशनही 1812 मध्ये कायमचे उठले. पुढे 1853 मध्ये तर नव्या काबिजादीतील रहिवाशांचे रीतिरिवाज सरकारने संहितेच्या रूपाने नमूद केले, आणि 1880 मध्ये गोव्यातील हिंदूंच्या रूढींसाठी वेगळा हुकूमनामा निघाला. सारांश, चापोऱ्याच्या दक्षिणेला ज्या रीतीला अडीचशे वर्षे शिक्षेचे भय होते, ती उत्तरेला एक दिवसही लपूनछपून करावी लागली नाही. गाऱ्हाणे मोठ्याने घालावयाची गोष्ट आहे. कुजबुजत घातलेल्या गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' कोण म्हणणार? बंद दाराआड मंत्र टिकू शकतो, मूर्ती लपविता येते, पण चारचौघांचा होकार लपविता येत नाही. म्हणून ज्या मुलखात चारचौघांना उघडपणे जमता आले, त्या मुलखात ही रीत उरली.

मात्र दक्षिण तीरावर वृद्धाचा आशीर्वाद अजिबात नाहीसा झाला, असे समजणे चूक ठरेल. गोव्यातील ख्रिस्ती घरांत वधू किंवा वर इगर्जीला निघण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांपुढे वाकतात, आणि त्यांचे 'बेसांव' घेतात. हा शब्द पोर्तुगीज 'बेंसांव' म्हणजे आशीर्वाद यावरून आला. लग्नाच्या आधी नारळाचा रस वधूवरांना लावण्याचा 'रोस' नावाचा विधीही तेथे चालतोच. देवांची नावे गेली, भाषेतला शब्द बदलला. पण नारळ राहिला, आणि घराबाहेर पाऊल टाकण्याआधी वृद्धाचा हात डोक्यावर हवा, ही समजूत राहिली. जे गेले ते काय, याची कल्पना त्यामुळे अधिक स्पष्ट होते. गेली ती नामावळी आणि गेला तो सामुदायिक होकार.

एक उदाहरण घेऊन हे नीट पाहू. समजा, मुलगी डिचोली महालातील मुळगावची आहे आणि मुलगा पेडणे महालातील मोरजीचा. मुळगावची देवी केळबाय, मोरजीची देवी मोरजाय. लोकसमजुतीप्रमाणे या सख्ख्या बहिणी. शिरगावची लईराई, मयेची महामाया याही त्यांच्याच बहिणी, आणि बारदेशात म्हापशाला मिलाग्रीस सायबिण म्हणून जिला ख्रिस्ती लोक भजतात तिलाही या भागातले हिंदू त्याच बहिणींत मोजतात. खेतोबा हा त्यांचा भाऊ. आता मुळगावाहून मोरजीला जावयाचे तर वाट बारदेशातून जाते, आणि चापोरा ओलांडली की पेडणे लागते.

मुलीकडचा वृद्ध मांडवात जे गाऱ्हाणे घालील त्यात केळबायला आधी हाक असेल. तुझ्या पदराखालचे लेकरू आज तुझ्या बहिणीच्या गावी जात आहे, तुम्ही दोघींनी तिला एकमेकींच्या हाती द्यावे, असा त्याचा रोख असेल. गावची शीव ओलांडताना राखणदाराच्या नावाने नारळ ठेवला जाईल. मोरजीत वरात पोचल्यावर मुलाकडचा वृद्ध उंबरठ्यापाशी दुसरे गाऱ्हाणे घालील. त्यात मोरजाय आधी, आणि मुलीच्या माहेरची म्हणून केळबाय नावाने येईल. अशा रीतीने एकाच लग्नाचे निवेदन दोन ठिकाणी, दोन मांडवांत, दोन गावांच्या होकाराने होते. नीट घातलेल्या गाऱ्हाण्याची पारख हीच, की सासरच्या गाऱ्हाण्यात माहेरचा गाव आणि माहेरची देवता नावानिशी आली पाहिजे.

या एका नावाला किती वजन असते, हे नुसत्या वर्णनाने समजणार नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, कित्येक घरी पाळण्यातले नावही बदलते. तांदळात बोटाने लिहिलेल्या नव्या नावाने तिला हाक मारू लागतात. आदल्या दिवशी जी एका घरची लेक होती तिचे जुने सारे एका सकाळी पुसले जाते. त्या पुसण्याच्या ऐन घटकेला एक परका वृद्ध, सासरचा, चारचौघांत उभा राहून मोठ्याने सांगतो, की ही अमक्या गावची, अमक्या घरची मुलगी, हिच्या पाठीमागे अमकी देवी उभी आहे. तिला नांदविण्याची जबाबदारी आमच्या कुळावर आली, आणि सारा गाव त्याला होकार भरतो. हा मुलीला दिलेला आशीर्वाद तर आहेच. पण सासरच्या माणसांनी आपल्या देवापुढे, शेजाऱ्यांच्या कानांवर घालून घेतलेली ती शपथही आहे. पुढे काही वाकडे झाले तर माहेरचा माणूस तिच्यावर बोट ठेवू शकतो.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गाऱ्हाणे घालण्याचा अधिकार पुरुषांकडे राहिला; आजीला कुळाची सारी नावे पाठ असली तरी तिने मागे बसून नातवाला चुकलेले नाव हळूच सांगावे, एवढेच तिच्या वाट्याला येई. विधवा स्त्रीला तर मंगलकार्यात पुढे येण्याचीच बंदी, मग ती वराची प्रत्यक्ष आई का असेना. गावात मानाच्या पायऱ्या होत्या, आणि कोणाचा होकार मांडवात ऐकू यावा व कोणाचा अंगणाबाहेरून, हेही त्या पायऱ्यांनी ठरत असे. ज्या नामावळीत देवचारालाही स्थान आहे, तिच्यात शेजारच्या सर्व माणसांना मात्र सारखे स्थान नव्हते.

आणि आता नामावळीच संकटात आहे. गाऱ्हाणे बिघडते कसे, हे ओळखणे कठीण नाही. वृद्धाला नावे आठवत नाहीत, म्हणून तो प्रथम राखणदारांची नावे गाळतो. मग मूळपुरुषाचे नाव जाऊन 'वाडवडील' एवढा एकच शब्द उरतो. मग माहेरचा गाव सुटतो. शेवटी 'सर्व देवदेवतांनो, या मुलांचे कल्याण करा' एवढेच वाक्य राहते, जे कोठेही, कोणालाही लागू पडेल. लग्न घरच्या मांडवातून शहरातल्या सभागृहात गेले, की हे अधिकच घडते. तेथे देवाची दिशा कोणती हे माहीत नसते. ध्वनिक्षेपकातून वृद्धाचा आवाज सर्वत्र पोचतो, पण उत्तर देणारे लोक खुर्च्यांवर दूर बसलेले असतात. 'होय महाराजा' ऐवजी टाळ्या पडतात. टाळी ही दाद आहे, साक्ष नव्हे.

कोणी म्हणेल, आता साक्ष हवी कशाला? गोव्यात विवाहाची नोंद कायद्याने आहेच. पोर्तुगीज नागरी संहिता तेथे 1870 पासून लागू झाली, 1910 च्या प्रजासत्ताकानंतर विवाहाच्या नागरी नोंदणीचा कायदा आला, आणि 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही हा कायदा पुढे चालू राहिला. आजही तेथे वधूवर नोंदणी कचेरीत दोनदा जातात. एकदा इरादा जाहीर करण्यासाठी आणि मुदतीनंतर पुन्हा सही करून तो कायम करण्यासाठी. पतिपत्नीचा मिळकतीवरचा हक्क या सहीने ठरतो, गाऱ्हाण्याने नव्हे. आणि ते योग्यच आहे. कारण देवापुढे घेतलेली शपथ मोडणाऱ्याला कचेरीत उभे करता येत नाही. पण कचेरीच्या दप्तरात दोन माणसांची नावे असतात. ती दोघे कोणत्या वाटेने एकमेकांपर्यंत आली, त्यांच्या कुळांनी कोणत्या नद्या ओलांडल्या, कोणत्या चुका पुढच्या पिढीला माफ करून मागितल्या, याला त्या दप्तरात रकाना नाही.

यावर अलीकडे काही घरांनी एक साधा उपाय काढला आहे. वृद्धाची स्मृती शाबूत असतानाच त्याच्या तोंडून कुळाचे गाऱ्हाणे वहीत उतरून घ्यावयाचे, आणि पुढच्या लग्नात ज्याला पाठ नाही त्याने ते वाचून दाखवावयाचे. जुनी माणसे याला नाक मुरडतात. वाचलेल्या गाऱ्हाण्याला वाणी राहत नाही, असे ती म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. कागदावर डोळे खिळलेला माणूस लोकांच्या होकारासाठी थांबावयाचे विसरतो. वहीतला मजकूर जसाच्या तसा वाचला, तर गेल्या लग्नातल्या सुनेचा गाव या लग्नातही वाचला जाण्याचा धोका असतो. म्हणून वही करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्या. देवांची, पूर्वजांची आणि राखणदारांची नावे क्रमाने लिहावी. पण वधूवरांच्या निवेदनाची जागा कोरी सोडावी, म्हणजे प्रत्येक लग्नात ती नव्याने भरावी लागेल. आणि प्रत्येक वाक्याखाली थांबण्याची खूण करावी, म्हणजे मांडवाला उत्तर देता येईल.

कोरी सोडलेली ती जागा हा या रीतीचा प्राण आहे. बाकीची नावे पिढ्यान्पिढ्या तीच राहतात. ही जागा मात्र दर खेपेला एका नव्या मुलीची असते. तिचे नाव, तिचा गाव, तिची देवी तेथे आली आणि भोवतालच्या लोकांनी होकार भरला, म्हणजे गाऱ्हाणे पुरे झाले. मग ते वृद्धाने तोंडाने म्हटले की चष्मा लावून वाचले, याने देवाला किंवा गावाला फारसा फरक पडण्याचे कारण नाही.